री-रिफाइंड इंजिन ऑइल ट्रॅक्टरमध्ये टाकावं का? बादलीमागे बावीसशे रुपयांचा फरक आहे

शेतशिवार (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. ट्रॅक्टर २०१४ चा, ४२ एचपी, तीन सिलिंडर. घरचं वावर आणि भाड्याची रोटाव्हेटर-थ्रेशरची कामं मिळून वर्षाला सातशेच्या आसपास तास होतात. इंजिनात साडेसात लिटर ऑइल बसतं आणि मी दर अडीचशे तासांनी बदलतो. म्हणजे वर्षाला जवळजवळ वीस लिटरची एक बादली जाते.

आजवर कंपनीचं पंधरा-चाळीस दाटपणाचं, सीआय-४ दर्जाचं ऑइल वापरत आलो. बादली ६,४०० ला पडते. यंदा तालुक्याच्या दुकानदारानं दुसरी बादली दाखवली, तीही पंधरा-चाळीस, सीआय-४ छापलेली, पण ४,२०० ला. म्हणाला, हे री-रिफाइंड आहे, जुनं ऑइल कारखान्यात शुद्ध करून बनवतात, परदेशात सगळीकडे हेच चालतं, आता सरकारही हेच वापरा म्हणतं. बादली घेऊन आलो, पण अजून फोडली नाही. गावातल्या दोघांनी टाकलं आहे, ते काही वाईट सांगत नाहीत. पण त्यांचे तास माझ्या निम्मेही नसतील.

मला दोन गोष्टी कळत नाहीत. एकदा इंजिनात जळलेलं ऑइल खरंच नव्यासारखं होऊ शकतं का? आणि होत असेल तर या बादलीत तेच आहे हे ओळखायचं कसं?

मिस्त्री_मूर्तिजापूर

भाऊ, टाकू नका. मी वीस वर्षांपासून इंजनं खोलून रायलो. ऑइल घासून घासून त्याची चिकटी मरते. मेलेली चिकटी कारखान्यात नेलं तरी परत येत नाही. वरून किती बी साफ दिसो, मे महिन्यात रोटाव्हेटरवर इंजन तापलं की ते पाण्यासारखं पातळ होते, मग बेरिंग जाते. माह्या गॅरेजमधून कबाडीवाला काळं ऑइल डरमनं घेऊन जाते. ते कुठं जाते ते मले मालूम आहे. थोडं भट्टीत जळते, अन् थोडं गाळून, रंग टाकून परत डब्यात येते.

वर्षा_हिंगणघाट

आमच्या तीन मालवाहू गाड्या आहेत, हिशेब मी पाहते. दोन गाड्यांमध्ये गेल्या वर्षीपासून री-रिफाइंड बेस ऑइल असलेलंच ऑइल जातंय, डब्यावर तसं लिहिलेलं आहे. काही त्रास नाही. ऑइल पितही नाहीत, प्रेशरही पूर्वीइतकंच. पण ती बादली एका मोठ्या कंपनीची आहे आणि ५,९०० ला पडते. ४,२०० चा भाव ऐकून मला शंका आली. एवढं स्वस्त कसं देतात?

बुटीबोरीकर

मी ल्यूब ब्लेंडिंग प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. सवडीनं लिहितो, कारण या धाग्यात दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते आहे आणि बाजारात दोन्ही एकाच नावानं विकल्या जातात.

आधी मिस्त्रींचा मुद्दा. चिकटी मरते हे त्यांचं निरीक्षण खरं आहे, पण मरतं ते काय? डब्यातल्या ऑइलमध्ये साधारण पाऊण ते चार पंचमांश भाग नुसतं बेस ऑइल असतं. उरलेला भाग अ‍ॅडिटिव्हचा. घाण धरून ठेवणारं, आम्ल मारणारं, घासणाऱ्या भागांवर थर देणारं जस्ताचं संयुग, आणि गरम झाल्यावर ऑइल फार पातळ होऊ नये म्हणून घातलेला एक लांब साखळीचा पॉलिमर. गिअर आणि बेरिंगमध्ये चिरडून तुटतो तो हा पॉलिमर, आणि बाकीची अ‍ॅडिटिव्ह काम करता करता खर्ची पडतात. बेस ऑइलचे रेणू मात्र बहुतांश शाबूत राहतात. थोडं ऑक्सिडाइझ होतं, काजळी मिसळते, डिझेल मिसळतं, पाणी येतं, लोखंड-तांब्याचे कण येतात. म्हणजे खालचं तेल चांगलंच असतं, त्यात घाण आणि मेलेली अ‍ॅडिटिव्ह अडकलेली असतात.

खऱ्या री-रिफायनरीत काय करतात ते पाहा. पहिल्यांदा तापवून पाणी आणि हलकं डिझेल उडवून टाकतात. मग मुख्य काम, व्हॅक्यूमखाली ऊर्ध्वपातन. साध्या हवेच्या दाबाखाली ऑइल उकळायला गेलं तर ते उकळण्याआधीच फुटून जळतं. दाब अगदी कमी केला की ते कमी तापमानाला वाफ होतं. त्यासाठी तापलेल्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर पसरवणारं यंत्र वापरतात. मोहाची भट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: वाफ होऊन पलीकडे जातं ते वेगळं आणि मडक्यात उरतं ते वेगळं. लोखंड, तांबं, जस्त, कॅल्शियम, तुटका पॉलिमर, काजळी, यातलं काहीही वाफ होऊन जात नाही. सगळं तळाशी राहतं आणि तो डांबरासारखा गाळ डांबरातच मिसळायला जातो.

जे वाफ होऊन आलं त्याला अजून रंग आणि वास असतो, गंधक-नायट्रोजनचे अंश असतात. मोठ्या कारखान्यात ते हायड्रोजनबरोबर उत्प्रेरकावरून, जास्त दाबाखाली, तीनशे अंशांच्या वर तापवून नेतात. त्यातून निघतं ते जवळजवळ पाण्यासारखं स्वच्छ असतं आणि दर्जानं ग्रुप टू मध्ये बसतं, म्हणजे संपृक्त हायड्रोकार्बन ९० टक्क्यांच्या वर आणि गंधक ०.०३ टक्क्यांच्या आत. कच्च्या तेलापासून जुन्या पद्धतीनं काढलेलं ग्रुप वन बेस ऑइल याच्यापेक्षा खालच्या दर्जाचं असतं. यात नवल काही नाही, कारण हल्ली गोळा होणाऱ्या जुन्या ऑइलमध्ये मुळातच ग्रुप टू आणि ग्रुप थ्री भरपूर असतं. तेव्हा 'री-रिफाइंड म्हणजे हलकं' हे सरसकट खरं नाही. वर्षाताईंच्या गाड्यांत बहुधा असंच काहीतरी आहे.

दुसरी वस्तू म्हणजे मिस्त्री सांगतात ती. काळं ऑइल आणायचं, पाणी उडवायचं, गाळायचं, मातीनं किंवा त्याआधी गंधकाच्या आम्लानं रंग उतरवायचा, दाट करायला जड तेल मिसळायचं, रंग घालून बादली भरायची. यात ऊर्ध्वपातन नाही. काजळीचे कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात, ते कुठल्याही कापडात अडत नाहीत.

आता शेतशिवार यांच्या बादलीचा भाव. वर्षाताईंनी नेमका प्रश्न विचारला. री-रिफाइंड बेस ऑइल नव्यापेक्षा लिटरमागे दहा रुपयांनी स्वस्त मिळालं, तर तयार ऑइलच्या लिटरात त्यातले फार तर आठ रुपये उतरतात, कारण बाकीचा भाग अ‍ॅडिटिव्हचा आणि अ‍ॅडिटिव्ह दोन्हीकडे सारख्याच भावाची. डबा, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन सारखंच. मोठ्या ब्रँडच्या भावात जाहिरातीचा खर्च असतो, तो छोट्या कंपनीत वाचतो, हे मान्य. पण लिटरमागे ११० रुपयांचा फरक बेस ऑइलमधून निघत नाही. तो बहुधा अ‍ॅडिटिव्हमध्ये काटलेला असतो.

बादली फोडू नका, आणि फोडलीच तर इंजिनात टाकण्याआधी नमुना तपासून घ्या.

गुरुजी_वाशीम

माहिती छान दिलीत. माझ्याकडे १२५ सीसीची मोटारसायकल आहे, तिच्यात हे री-रिफाइंड टाकलं तर चालेल का? मायलेज वाढतं का?

बुटीबोरीकर

गुरुजी, मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, त्यामुळे तिथे डब्यावर जॅसो एमए किंवा एमए-टू लागतं. बेस ऑइल नवं असो की री-रिफाइंड, ते लिहिलेलं नसेल तर क्लच घसरू शकतो. ट्रॅक्टरचं डिझेल ऑइल बाइकला घालू नका. मायलेजचा इथे संबंध नाही.

संत्राबाग_वरूड

आमच्याकडे गोठ्याच्या सागाच्या खांबांना दरवर्षी उधळी लागते. आम्ही ट्रॅक्टरचं निघालेलं काळं ऑइल खांबांना लावतो, उधळी जाते. मग ते री-रिफायनरीला देऊन काय फायदा? घरीच कामात येतं. उलट हे शुद्ध केलेलं ऑइल खांबाला चालेल का?

वर्षा_हिंगणघाट

दादा, तुमचा प्रश्न वेगळाच आहे. पण खांबाच्या बुडाशी लावलेलं काळं ऑइल पावसात मातीत उतरतं आणि तुमची विहीर जवळ असेल तर विहिरीत. आमच्याकडे टँकर धुतलेल्या जागेवर तीन वर्षं गवत उगवलं नव्हतं.

बुटीबोरीकर

काळ्या ऑइलमध्ये जळणातून आलेली विषारी संयुगं असतात, त्यातली काही कर्करोगकारक आहेत. हातानं फासू नका, गुरं चाटतील अशा जागी तर नाहीच. खांबाला उधळीचं औषध लावा. आणि री-रिफाइंड ऑइल लावून उधळी जाणार नाही, त्यात मारणारं काही नसतंच.

शेतशिवार

बुटीबोरीकर साहेब, फार मोठी मदत. बादली फोडली, इंजिनात टाकली नाही. घरी करता येईल ते केलं. तव्यावर दोन थेंब टाकले, तडतडलं नाही, म्हणजे पाणी नसावं. मग जाड टिपकागदावर एक थेंब टाकून रात्रभर ठेवला. शेजारी माझ्या नेहमीच्या कंपनीच्या ऑइलचा थेंब. त्याचा डाग नुसता पिवळट, कडेपर्यंत एकसारखा. या बादलीच्या डागात मध्ये अगदी फिकट करडी छटा आहे, उजेडाकडे धरलं की दिसते. बोटावर दोन्ही सारखीच दाट वाटतात. वास थोडा उग्र आहे, पण अंगावर येणारा नाही.

दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, अ‍ॅडिटिव्ह जास्त आहे म्हणून रंग गडद. कंपनीचा टेस्ट रिपोर्ट मागितला, तर 'येईल' म्हणाला.

मिस्त्री_मूर्तिजापूर

बोटावर घेऊन पाहाचं तेच बरोबर. मी बोटानंच ओळखतो. पातळ असलं की तार तुटते.

बुटीबोरीकर

मिस्त्री, डिझेल मिसळून पातळ झालेलं ऑइल बोटाला कळतं, ते मी नाकारत नाही. पण बोट ३५-४० अंशांवर असतं आणि बेरिंगमधलं ऑइल शंभरच्या वर. बोटाला दाट लागणारं ऑइल शंभर अंशांवर कसं असेल ते बोट सांगू शकत नाही. शिवाय जड तेल मिसळून दाटपणा आणणं हे सर्वांत स्वस्त काम आहे.

शेतशिवार, टिपकागदावरची करडी छटा महत्त्वाची आहे. न वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी असण्याचं कारणच नाही. पण एवढ्यावर दुकानदाराशी भांडू नका. नागपुरात ऑइल तपासणाऱ्या खासगी प्रयोगशाळा आहेत, तिथे नमुना पाठवा. बादली नीट हलवून, मधल्या भागातून, कोऱ्या कोरड्या प्लास्टिकच्या बाटलीत पाव लिटर घ्या. औषधाची किंवा फवारणीची बाटली नको, तिच्यातले अंश रिपोर्टमध्ये उतरतात. एवढंच मागा: ४० आणि १०० अंशांवरची व्हिस्कॉसिटी म्हणजे दाटपणा, फ्लॅश पॉइंट म्हणजे ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान, टीबीएन म्हणजे आम्ल मारायची ताकद, आणि धातू. बाकी चाचण्यांवर पैसे घालवायची गरज नाही.

शेतशिवार

रिपोर्ट आला. २,२०० रुपये लागले, म्हणजे जेवढे वाचणार होते तेवढेच गेले, पण त्याचं मला काही वाटत नाही. गावातल्या बाकीच्यांनाही दाखवता येईल. आकडे असे:

व्हिस्कॉसिटी १०० अंशांवर १४.४, ४० अंशांवर १४४. फ्लॅश पॉइंट १९४ अंश. टीबीएन २.६. जस्त ४३०, कॅल्शियम ९८०, लोखंड ३१, तांबं ९, सिलिकॉन १४. हे धातू पीपीएममध्ये.

१०० अंशांवरचा आकडा तर बरोबर वाटतो. पंधरा-चाळीसला १२.५ ते १६.३ च्या आत लागतो असं रिपोर्टवरच छापलं आहे. मग हे पास की नापास?

बुटीबोरीकर

नापास. बहुतेक दुकानदार तुम्हाला नेमका तोच एक बरोबर आकडा दाखवतील, म्हणून एकेक करून पाहू.

१०० अंशांवर १४.४ ठीक आहे. पण चांगलं पंधरा-चाळीस ४० अंशांवर साधारण १०५ ते ११५ च्या आसपास असतं. तुमचं १४४ आहे. म्हणजे हे ऑइल गार असताना फार दाट आणि तापल्यावर झपाट्यानं पातळ होणारं आहे. या दोन आकड्यांवरून व्हिस्कॉसिटी इंडेक्स, म्हणजे तापल्यावर दाटपणा किती टिकतो त्याचा आकडा, शंभरच्या आतबाहेर येतो, पंधरा-चाळीसला १३५ च्या पुढे अपेक्षित असतो. हे खरं तर सिंगल ग्रेड चाळीस आहे. दाटपणा पॉलिमर घालून आणलेला नाही, जड तेल घालून आणला आहे. डिसेंबरच्या पहाटे ओलितासाठी ट्रॅक्टर सुरू कराल तेव्हा ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागेल.

फ्लॅश पॉइंट १९४. नव्या ऑइलचा २२० च्या आसपास किंवा वर असतो. एवढा खाली आला याचा अर्थ आत हलका भाग आहे, बहुधा जुनं मिसळलेलं डिझेल पूर्ण उडवलेलं नाही. पाणी निघालं म्हणून तवा शांत राहिला, डिझेल निघालं नाही.

टीबीएन म्हणजे आम्ल मारायची शिल्लक ताकद. सीआय-४ ऑइल नवं असताना दहाच्या आसपास असतं. २.६ हा आकडा मी सहसा इंजिनातून काढलेल्या, बदलायला आलेल्या ऑइलमध्ये पाहतो.

आणि लोखंड. माझ्या मते या रिपोर्टमधली सर्वांत बोलकी ओळ हीच आहे. जस्त आणि कॅल्शियम असायलाच हवेत, ते अ‍ॅडिटिव्हमधून येतात. नव्या सीआय-४ मध्ये जस्त हजाराच्या पुढे-मागे आणि कॅल्शियम दोन-तीन हजार असतं, तुमच्यात निम्म्याहून कमी. ते नवं घातलेलं आहे की आधीच्या ऑइलमधलं उरलेलं, हे रिपोर्टवरून सांगता येत नाही. पण लोखंड कुणी घालत नाही. ऊर्ध्वपातन केलेल्या ऑइलमध्ये लोखंड वाफेबरोबर येऊ शकत नाही. ३१ पीपीएम लोखंड आणि ९ पीपीएम तांबं न वापरलेल्या बादलीत आहे, म्हणजे ते कुणाच्या तरी लायनरमधून आणि बेरिंगमधून निघालेलं आहे. पूर्ण बादली गाळलेली आहे की स्वस्त बेस ऑइलमध्ये काही भाग गाळलेलं मिसळलं आहे, ते मला ठरवता येत नाही. रंग पाहता मिसळलेलं असावं. पण री-रिफाइंड म्हणून विकण्यासारखी ही वस्तू नाही.

मिस्त्री_मूर्तिजापूर

मी पयलेच सांगतलं होतं. पण साहेब, टीबीएनचं मले पूर्ण पटत नाही. आता डिझेलात गंधकच नाही रायलं. आधी गंधकानं आम्ल होत होतं, म्हणून ती ताकद लागे. आता कमी असली तरी काय बिघडते?

बुटीबोरीकर

मुद्दा चांगला आहे आणि अर्धा बरोबर आहे. एप्रिल २०२० पासून देशभर डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत आहे, त्यामुळे टीबीएन पूर्वीइतक्या वेगानं पडत नाही. पण आम्ल फक्त गंधकातून येत नाही. ऑइल स्वतः तापून ऑक्सिडाइझ होतं तेव्हाही आम्ल बनतं, जळणातल्या नायट्रोजन ऑक्साइडमधूनही बनतं. मे महिन्यात ४५ अंशांत, रोटाव्हेटर लावून, धुळीनं अर्धवट बुजलेल्या रेडिएटरवर चाललेल्या इंजिनात ऑइल तापतं किती, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि ज्या अ‍ॅडिटिव्हमुळे टीबीएन येतो तीच पिस्टनच्या रिंगांचे गाळे साफ ठेवतात. ती नसली की कार्बन बसतो, रिंग चिकटते, धूर आणि ऑइल खाणं सुरू होतं. लगेच नाही, दोन-तीन हंगामांनी. म्हणून गावातल्या त्या दोघांना अजून काही दिसलेलं नाही.

दहाऐवजी सात असता तर मी दारव्ह्याच्या ट्रॅक्टरला नको म्हटलं नसतं. २.६ वर सुरुवात म्हणजे शंभर तासांतच शिल्लक संपेल.

दिग्रसचा_पाटील

हे सरकारनं सक्तीचं केलंय ना? आमच्या इथे विक्रेता म्हणाला, आता सगळ्या कंपन्यांना जुनंच ऑइल विकावं लागणार, नवं बंद होणार. मग खरेदी करायची की नाही हा प्रश्नच कुठे राहतो?

बुटीबोरीकर

तसं नाही. घातक कचऱ्याच्या नियमांत २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलला उत्पादकाची विस्तारित जबाबदारी लागू झाली. ऑइल बाजारात आणणाऱ्या कंपन्यांनी, विकलेल्या मालाच्या ठरावीक टक्के इतक्या जुन्या ऑइलचं रिसायकलिंग नोंदणीकृत रिसायकलरकडून झालं आहे, याची प्रमाणपत्रं घ्यायची. सुरुवात पाच टक्क्यांपासून, टप्प्याटप्प्यानं पन्नास टक्क्यांपर्यंत. तुम्ही कोणतं ऑइल घ्यायचं यावर यात काहीही बंधन नाही आणि नवं ऑइल बंद होणार नाही. मात्र यामुळे मोठ्या कंपन्यांच्या डब्यात खरं री-रिफाइंड बेस ऑइल वाढत जाईल, आणि त्याच्या आडोशाला गाळलेलं विकणारेही वाढतील.

यातून तुमच्या उपयोगाची एक गोष्ट निघते. खऱ्या रिसायकलरची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असते. डब्यावर ऑइल बनवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता नसेल, बॅच नंबर नसेल, आणि बेस ऑइल कुठल्या रिसायकलरचं हे विचारल्यावर उत्तर मिळत नसेल, तर पुढे बोलायचं कारण नाही.

वर्षा_हिंगणघाट

आणि ते एपीआयचं गोल चिन्ह? आमच्या बादलीवर आहे. ते असलं की डोळे मिटून घ्यायचं का?

बुटीबोरीकर

चिन्ह खरं असेल तर फार मोठा भरवसा. एपीआय म्हणजे सीआय-४ सारखे दर्जे ठरवणारी अमेरिकेतली संस्था. ती परवाना देताना बेस ऑइल नवं की री-रिफाइंड असा भेद करत नाही, दोघांनाही इंजिनवरच्या त्याच चाचण्या पार कराव्या लागतात आणि त्या चाचण्या खूप महाग असतात. परवानाधारकांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे, ब्रँडचं नाव टाकून पाहता येतं. पाहाच, कारण चिन्ह छापायला काही लागत नाही.

पण उलटं खरं नाही. आपल्याकडची बरीच चांगली ऑइलं परवान्याशिवाय 'सीआय-४ च्या निकषात बसणारं' असं लिहून येतात, त्यांच्या मागे ट्रॅक्टर किंवा इंजिन कंपनीची मान्यता असते. चिन्ह नाही म्हणून खोटं, असं म्हणता येत नाही. छोट्या ब्लेंडरनं स्वतःच सीआय-४ छापलेलं असेल, ना परवाना ना कुणा इंजिन कंपनीची मान्यता, तर त्या अक्षरांना आधार काही नाही.

शेतशिवार

दुकानात जाऊन आलो, रिपोर्ट सोबत नेला. भांडलो नाही. त्यांनी बादली परत घेतली, पैसे दिले, वापरलेल्या नमुन्याचेही कापले नाहीत. पण दुकानात अजून आठ-दहा बादल्या उभ्या आहेत. 'मला कंपनीनं जे दिलं तेच मी विकतो' म्हणाले. मला ते खरं वाटलं. गावातल्या त्या दोघांना मात्र सगळं सांगितलं. एकानं ऑइल काढलं, दुसरा हंगाम संपल्यावर पाहू म्हणतो.

आता माझा हिशेब. वर्षाला एक बादली. वर्षाताईंचं ऑइल घेतलं तर ६,४०० ऐवजी ५,९००, म्हणजे वर्षाला पाचशे रुपये. इंजिनचं काम निघालं, तर लायनर, पिस्टन, क्रँक घासणं आणि मजुरी धरून सत्तर हजारांच्या खाली होत नाही, मिस्त्री सांगतीलच. पाचशेसाठी ब्रँड बदलावा असा काही आग्रह नाही. पण जुनं ऑइल भट्टीत जाळण्यापेक्षा परत वापरात यावं असं मला मनापासून वाटतं, आणि माल खरा असेल तर घ्यायला काय हरकत? म्हणून पुढच्या बदलाला ते टाकणार आहे.

मिस्त्री_मूर्तिजापूर

सत्तर नाही, आता पंच्याऐंशी धरा. भाऊ, तुमचं तुम्ही टाका. मी गाह्यकाच्या गाडीत टाकणार नाही. साहेबांचं म्हणणं समजलं, मोठ्या कारखान्यातलं चांगलं असन. पण उद्या इंजन जाम झालं, दुसऱ्याच कारणानं झालं, तरी गाह्यक म्हणन मिस्त्रीनं जुनं ऑइल टाकलं. मले कोण भरून देईन?

बुटीबोरीकर

तुमची अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. वॉरंटीतल्या ट्रॅक्टरला तर मीही कंपनीच्या पुस्तकात नाव असलेलंच ऑइल टाका म्हणेन, बेस ऑइल कोणतंही असो.

एक गोष्ट मलाही पूर्ण सुटलेली नाही. ऊर्ध्वपातन केलेलं पण हायड्रोजनऐवजी मातीनं साफ केलेलं असं मधल्या दर्जाचं बेस ऑइलही मिळतं. त्यात धातू नसतात, पण ते लवकर ऑक्सिडाइझ होतं. चांगली अ‍ॅडिटिव्ह घालून जुन्या विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला, जिथे दर शंभर तासांनी बदलतात, ते चालायला हरकत नसावी असं माझं मत आहे. आमच्याच प्लांटमधले सहकारी यावर दोन्ही बाजूंनी बोलतात.

शेतशिवार, नवं ऑइल टाकलंत की बादलीतला पाव लिटर बाजूला काढून ठेवा. अडीचशे तास झाले की इंजिन गरम असताना, ऑइल काढताना सुरुवातीची धार सोडून मधल्या धारेतून नमुना घ्या. किती तास झाले आणि मध्ये किती लिटर वर टाकलं ते बाटलीवर लिहा. दोन्ही नमुने एकत्र पाठवा, नाहीतर वापरलेल्याचे आकडे कशाशी ताडायचे हे कळत नाही. लोखंड शंभरच्या वर गेलं तर विचार करायला लागेल. पण त्याबरोबर सिलिकॉनही वीस-पंचवीसच्या वर असेल तर ऑइलला दोष देण्याआधी एअर फिल्टर आणि त्याचा रबरी पाइप पाहा, थ्रेशरची धूळ आत जात असेल.

शेतशिवार

करतो. तुरीचा थ्रेशर संपेपर्यंत अडीचशे तास होतील, तेव्हा इथेच आकडे टाकतो. कंपनीच्या जुन्या ऑइलचाही एक नमुना आताच्या बदलाला काढतो, म्हणजे माझ्याच इंजिनातली तुलना होईल.

वर्षाताई, तुमची बादली यवतमाळ किंवा दारव्ह्याकडे कुठे मिळेल, की हिंगणघाटहूनच आणावी लागेल?